सहा महिन्यांच्या ट्रेनीचं अप्रेझल लिहिताना

पहिल्यांदाच सेल्स ट्रेनीचं अप्रेझल लिहिताय, तर एकूण विक्रीच्या आकड्यापासून सुरुवात करू नका. चालता एरिया मिळालेल्याचा आकडा जुन्या ग्राहकांच्या रिपीट ऑर्डरींवरच फुगतो. नवीन पार्ट्यांकडे किती भेटी झाल्या आणि त्यातून किती ऑर्डरी आल्या, ते महिनावार काढा.

समजा, पहिल्या महिन्यात 60 भेटी आणि 3 ऑर्डरी होत्या, सहाव्या महिन्यात 45 भेटी आणि 6 ऑर्डरी. वरवर बघणारा म्हणेल, पोरगा ढिला पडला. पण आधी 20 भेटींमागे एक ऑर्डर मिळायची, आता साडेसात भेटींमागे मिळते. कुणाच्या दारात वेळ घालवायचा नाही, हे त्याला कळायला लागलंय. (ऑर्डरी भरमसाठ सूट देऊन आणल्या नाहीत ना, तेवढं मात्र बिलांवरून बघा.)

मग एक दिवस त्याच्यासोबत फिरा. पार्ट्या त्याला निवडू देऊ नका, त्याच्या व्हिजिट रिपोर्टमधून तुम्हीच काढा. रिपोर्टमध्ये 'इंटरेस्टेड' लिहिलेल्या दोन-तीन ठिकाणी त्याला कुणी ओळखलंच नाही, तर भेटी कागदावरच झाल्यात. बोलणं चालू असताना तुम्ही गप्प बसा, हे सगळ्यात अवघड. समोरचा 'महाग पडतंय' म्हणाला की तो लगेच दर खाली आणतो, की 'कशाच्या तुलनेत?' असं विचारतो, ते टिपून ठेवा.

पोटेन्शियलच्या रकान्यात 'मेहनती, होतकरू' लिहून मोकळे होऊ नका. 'छोटा ग्राहक एकटा क्लोज करतो, मोठ्या पार्टीशी दर ठरवताना सीनियर लागतो' असं लिहा. त्याला विक्री जमणार नाही असं वाटत असेल, तर कन्फर्मेशनच्या आधीच समोर बसवून, याच नोंदी दाखवून सांगा.