वरच्या मजल्यावर ठरल्यापेक्षा जास्त मुलं राहतात, नोटीस कशी द्यावी?

«इंदूरला सुदामानगरात वरचा मजला दोन विद्यार्थ्यांना दिलाय. आता चार जण राहतात, शिवाय रोज कुणी ना कुणी मुक्कामाला. नोटीस कडक हवी, पण मुलांवर अन्याय नको. कशी लिहू?»

आधी किरायानामा काढा आणि त्यात दोन गोष्टी शोधा. राहणाऱ्यांची नावं लिहिली आहेत का, आणि पाहुण्यांच्या मुक्कामाला काही मर्यादा घातली आहे का? नावं असतील तर तिसऱ्या-चौथ्याबद्दल बोलायला तुमची बाजू पक्की आहे. पाहुण्यांबद्दल एक ओळही नसेल, तर एखाद-दुसऱ्या मुक्कामावरून नोटीस काढू नका. जे ठरलंच नव्हतं, ते मोडलं म्हणता येत नाही. पुढच्या करारात ती अट घाला.

मी रामबागेत राहतो. माझ्याकडेही दोनच मुलं ठरली होती, आणि बाहेरच्या माणसाने सलग 3 व महिन्यात एकूण 6 रात्रींहून जास्त राहू नये असं कलम 9 मध्ये लिहिलेलं होतं. नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं. हौद दुसऱ्या दिवशी दुपारीच रिकामा व्हायला लागला, तेव्हा जिन्याकडे नीट पाहिलं. पाच जोडे, आणि सकाळी चार डबे. पण जोडे आणि डबे म्हणजे शंका, पुरावा नव्हे. म्हणून 5 ते 25 जानेवारी वहीत रोज रात्री फक्त फाटकाशी दिसलेलं लिहिलं. 21 रात्रींपैकी 17 रात्री तेच दोन जास्तीचे चेहरे होते. मुलं नसताना खोलीत शिरलो नाही, दाराकडे तोंड करून कॅमेराही लावला नाही. तुम्हीही तसं करू नका.

मग चहाला बोलावून तोंडी विचारलं. मुलं म्हणाली, "काका, आठ-दहा दिवसांचाच प्रश्न आहे." हे बोलणं झालं ती तारीखही वहीत घातली आणि 27 तारखेला हे पत्र दिलं:

"किरायानाम्यातील कलम 4 प्रमाणे वरच्या मजल्यावर आपण दोघांनीच राहायचे ठरले आहे. 5 ते 25 जानेवारी या काळात आणखी दोन व्यक्ती 17 रात्री मुक्कामास होत्या. हे कलम 4 व कलम 9 यांचा भंग आहे. 11 फेब्रुवारीपर्यंत त्यांनी अन्यत्र सोय करावी. काही अडचण असल्यास 3 फेब्रुवारीपर्यंत लेखी कळवावी. तिचा विचार केला जाईल. आपल्या दोघांच्या राहण्यास माझी हरकत नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं, नाहीतर घराबाहेर काढायलाच निघालोय असं त्यांना वाटलं असतं. अडचण कळवायची मुदत ठेवली तीही उपयोगी पडली. 1 फेब्रुवारीला उत्तर आलं की त्यांच्यातला एक जण करारातल्या मुलाचा सख्खा भाऊ आहे आणि त्याची परीक्षा महिनाअखेरीस आहे. त्याला 28 फेब्रुवारीपर्यंत राहायची परवानगी कागदावर दिली, तिघांच्या सह्या घेतल्या आणि ठाण्यात किरायेदारांची माहिती दिली होती तिथे त्याचंही नाव कळवलं. दुसरा मुलगा 9 तारखेला गेला.

लोक इथे एक चूक हमखास करतात. "माणशी हजार जास्त द्या" म्हणून पैसे घेतात. एकदा का ते घेतले की मग तुमची संमती होती असंच दिसतं आणि नोटिशीतला जोर जातो. मी जास्तीचा किराया एक रुपयाही घेतला नाही, ठरलेला मात्र नेहमीसारखा घेतला आणि पावती दिली.

समजा मुलांनी ऐकलंच नाही, तरी नोटीस दिली म्हणून घर रिकामं होत नाही. त्यासाठी न्यायालयात जावं लागतं, आणि आपल्याकडच्या 1961 च्या स्थान नियंत्रण अधिनियमात घर रिकामं करून मागायची कारणं ठरलेली आहेत. जागा किंवा तिचा भाग दुसऱ्याच्या ताब्यात देणं हे त्यातलं एक. म्हणून नोंद करताना नीट पाहा: मुलं स्वतः तिथेच राहून भावाला ठेवतात, की एक खोली पैसे घेऊन दुसऱ्यालाच दिली आहे? दुसरी गोष्ट खूप गंभीर आहे आणि तसं असेल तर वकिलाकडे जा. पहिल्या गोष्टीवरून पोटभाडेकरू ठेवल्याचा आरोप पत्रात करू नका. तो टिकणार नाही. आणि रागाच्या भरात मोटर बंद करणं, वीज तोडणं, कुलूप बदलणं यातलं काहीही नको. त्याने तुमच्यावरच तक्रार होऊ शकते.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक मुलांच्या हातात द्या, दुसरीवर "मिळाली" असं लिहून तारीख आणि सही घ्या. सही द्यायला कुरकुर केली तर वाद घालू नका, त्याच दिवशी तीच प्रत स्पीड पोस्टने त्या पत्त्यावर पाठवा आणि पावती किरायानाम्याला टाचून ठेवा.