किल्ली फिरवायची, बदलायची की पालटायची?

"कंपनीच्या सुरक्षा धोरणाचं मराठी करतोय. 'की रोटेशन'ला 'किल्ली फिरवणे' लिहिलं तर वरिष्ठ हसले. 'किल्ली बदलणे' लिहू का? आणि 'एन्व्हलप एन्क्रिप्शन'ला 'लिफाफा', एचएसएमला 'तिजोरी' हे शब्द चालतील का?"

हसू येणारच. मराठीत किल्ली कुलपात फिरते, आणि फिरवून झाली की तीच किल्ली खिशात परत जाते. इथे नेमकं उलट घडतं: डेटा कूटबद्ध करायच्या कामावर आजवर असलेली किल्ली उतरते आणि दुसरी चढते. पिकांसाठी आपण 'फेरपालट' म्हणतो, तो शब्द मीही काही दिवस वापरून पाहिला. पण फेरपालटीत गेल्या वर्षीचं पीक पुढे कधीतरी परत येतं. उतरवलेली किल्ली मात्र नव्या कामाला पुन्हा घेतली जात नाही.

'बदलणे' कानाला सरळ लागतं, आणि म्हणूनच मला ते जास्त धोक्याचं वाटतं. घराचं कुलूप बदललं की जुनी किल्ली भंगारात जाते, वाचणाऱ्याच्या डोक्यात तेच चित्र उभं राहतं. मी पूर्वी ज्या ठिकाणी काम करत होतो तिथल्या कार्यपद्धतीत एक ओळ होती: 'किल्ली बदलल्यावर जुनी बंद करावी.' एका नव्या सहकाऱ्याने ती अक्षरशः पाळली आणि जुनी आवृत्ती नष्टच करून टाकली. तीन महिने कुणाला पत्ता लागला नाही, कारण रोजच्या वापरातला डेटा नव्या किल्लीवर आलेला होता. मग एका चाचणीसाठी जुना बॅकअप उतरवला. फाइली सगळ्या जागेवर होत्या, आकारही बरोबर होते, पण एकही उघडेना. चूक त्या मुलाची कमी, त्या क्रियापदाची जास्त होती.

म्हणून माझं मत 'पालट'. खांदेपालट या शब्दात ओझं तेच राहतं, खांदा बदलतो, तो अर्थ इथे जवळचा आहे. फक्त एक फरक ध्यानात ठेवायचा: किल्लीपालटानंतर नवी किल्ली नवं ओझं उचलते, जुनं ओझं मात्र कुणी मुद्दाम हलवेपर्यंत जुन्याच खांद्यावर असतं. ते हलवणं हे वेगळं काम आहे, आणि त्याला वेगळा शब्द हवा. तो का हवा, हे लिफाफ्याकडे गेल्याशिवाय कळणार नाही.

'लिफाफा' ऐकलं की डेटा पाकिटात घातला असं वाटतं. प्रत्यक्षात पाकिटात जाते ती किल्ली. प्रत्येक फाइलसाठी ३२ बाइटची एक नवी किल्ली तयार होते, तिला डेटा-किल्ली म्हणू. फाइल तिने कूटबद्ध होते. मग ती डेटा-किल्लीच आणखी एका वरच्या किल्लीने कूटबद्ध करतात, ते पुडकं फाइलच्या नोंदीशेजारी ठेवतात आणि उघडी डेटा-किल्ली स्मृतीतून पुसून टाकतात. फाइल वाचायची वेळ आली की पुडकं वरच्या किल्लीकडे पाठवायचं, डेटा-किल्ली परत मिळवायची आणि तिने फाइल उलगडायची. या वरच्या किल्लीला 'गुरुकिल्ली' म्हणायचा मोह मलाही झाला होता. पण गुरुकिल्ली प्रत्येक कुलूप स्वतः उघडते. ही एकही फाइल उघडत नाही, ती फक्त किल्ल्यांची पुडकी सोडते. त्यापेक्षा 'किल्लीची किल्ली' हा बोलीतला शब्द जास्त नेमका आहे. 'लिफाफा' ठेवायचा असेल तर 'किल्लीचा लिफाफा' म्हणा, म्हणजे आत काय आहे त्याबद्दल शंका राहणार नाही.

आता हिशोब करून पाहू. समजा कंपनीकडे २० लाख दस्तऐवज आहेत, सरासरी २० एमबीचे. एकूण ४० टीबी. किल्ली एकच असती आणि ती काढून टाकायची असती, तर हे ४० टीबी वाचून, उलगडून, पुन्हा कूटबद्ध करून लिहावे लागले असते. सेकंदाला २०० एमबीच्या वेगाने नुसतं वाचायलाच २ लाख सेकंद, म्हणजे सुमारे ५५ तास. किल्लीच्या लिफाफ्यात मात्र हलवायची असतात ती फक्त पुडकी. वॉल्ट या किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रणालीच्या ट्रान्झिट विभागात अशा ३२ बाइटच्या किल्लीचं पुडकं साधारण ९० अक्षरांचं होतं. २० लाख पुडकी म्हणजे १८० एमबी. सेकंदाला ५०० विनंत्या गेल्या तरी सव्वा तासाच्या आत आटोपतं, आणि ४० टीबीला कुणी हातही लावत नाही.

वॉल्टचंच उदाहरण पुढे नेतो, कारण तिथे पालट आणि हलवणं यांतला फरक डोळ्यांनी दिसतो. पुडक्याच्या सुरुवातीलाच आवृत्ती लिहिलेली असते:

```
vault write -f transit/keys/dast/rotate
vault write transit/rewrap/dast ciphertext="vault:v1:..."
```

पहिली आज्ञा म्हणजे पालट. ती क्षणात संपते. त्यानंतर बनणाऱ्या पुडक्यांवर `vault:v2:` येतं, जुन्यांवर `vault:v1:` तसंच राहतं आणि तीही पूर्वीसारखीच सुटतात. दुसरी आज्ञा एक जुनं पुडकं घेऊन नव्या आवृत्तीचं पुडकं परत देते. आतली डेटा-किल्ली तीच असते, आणि वॉल्टच्या बाहेर ती उघडी पडत नाही. याला मी 'फेरगुंडाळणी' म्हणतो. 'गुंडाळणे'ला मराठीत फसवण्याची छटा आहे हे मान्य, पण 'पुनरावेष्टन' लिहिलं तर ते वाचून कुणी कामाला लागेल असं मला वाटत नाही.

फेरगुंडाळणी खरंच पूर्ण झाली का, हे डेटाबेसलाच विचारायचं:

```
SELECT split_part(wrapped_key, ':', 2), count(*)
FROM files GROUP BY 1;
```

उत्तरात `v1` ची ओळ उरलेली नसली म्हणजे चालू डेटाबेसपुरतं काम झालं. बॅकअपमधली पुडकी या प्रश्नात येत नाहीत, आणि आमचा घोटाळा तिथेच झाला होता. म्हणून जुनी आवृत्ती लगेच नष्ट करायची नाही, आधी तिची वाट अडवायची. वॉल्टमध्ये `min_decryption_version` वाढवून २ केलं की `v1` ची पुडकी सुटायची थांबतात. कुठे काही अडलं तर तो आकडा परत खाली आणता येतो. `trim` करून जुनी आवृत्ती पुसून टाकल्यावर मात्र परतीचा रस्ता नाही. शेवटचा जुना बॅकअप मुदत संपून जाईपर्यंत `trim` करू नये, एवढी एक ओळ त्या कार्यपद्धतीत असती तर माझी ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. तुमच्या धोरणात 'बंद करणे' आणि 'नष्ट करणे' हे दोन शब्द कृपया एकमेकांच्या जागी वापरू नका.

काही प्रणालींमध्ये आवृत्ती अशी उघड दिसत नाही. एडब्ल्यूएस केएमएस या ॲमेझॉनच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेत आपोआप पालट सुरू केला तर मुदत न सांगितल्यास तो ३६५ दिवसांनी होतो. किल्लीचं नाव तेच राहतं, आतला गाभा नवा होतो, आणि जुने गाभे जुनी पुडकी सोडण्यासाठी आतच जपले जातात. फेरगुंडाळणी आपोआप होत नाही. तपासनिसाने 'पालट सुरू आहे का' विचारलं आणि कुणी 'हो' म्हटलं, तर त्याचा अर्थ 'नवी पुडकी नव्या गाभ्यावर बनतात' एवढाच. जुन्या पुडक्यांबद्दल त्या 'हो'त काहीच नाही.

तिसरंही एक काम याच इंग्रजी शब्दाखाली खपवलं जातं, आणि शब्दांची गल्लत सर्वात महाग पडते ती तिथे. समजा वरची किल्ली वापरण्याचा अधिकार चोराच्या हाती आठवडाभर होता, आणि तेवढ्यात त्याने पुडकी सोडवून डेटा-किल्ल्या लिहून घेतल्या. आता तुम्ही पालट करा, फेरगुंडाळणी करा, जुनी आवृत्ती नष्टही करा. त्याच्याकडच्या डेटा-किल्ल्या तेवढ्याच चालतात, कारण फाइली अजून त्याच किल्ल्यांनी कूटबद्ध आहेत. फेरगुंडाळणीने पाकीट बदललं, आतली वस्तू तीच राहिली. तिथे प्रत्येक फाइलला नवी डेटा-किल्ली देऊन ती पुन्हा कूटबद्ध करावीच लागते, म्हणजे वाचवलेले ते ५५ तास आणि वर लिहिण्याचा वेळ परत मोजावा लागतो. आणि चोराने फाइलींच्या प्रतीही नेल्या असतील, तर त्या प्रतींपुरता याचाही उपयोग नाही. या कामाला 'फेरकूटबद्ध करणे' हा शब्द ओबडधोबड आहे खरा, पण तो राहू द्या. धोरणात 'किल्ली फुटल्यास पालट करावा' असं लिहिलंत तर लोक दोन सेकंदांची आज्ञा चालवतील आणि निर्धास्त झोपतील.

मग नेमाने पालट करायचाच कशाला? एक कारण नुकसान आटोक्यात ठेवण्याचं, पण दुसरं शुद्ध गणिताचं आहे. एईएस-जीसीएम या कूटबद्ध करण्याच्या पद्धतीत दर वेळी ९६ बिटांचा यादृच्छिक आकडा वापरत असाल, तर एका किल्लीने २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटींपेक्षा जास्त वेळा कूटबद्ध करू नये असं अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेचं मानक सांगतं. त्यापुढे तोच आकडा पुन्हा येण्याची शक्यता नको तितकी वाढते, आणि तो पुन्हा आला तर पद्धतीची हमीच मोडते. २० लाख दस्तऐवजांच्या कंपनीला ही मर्यादा फार लांबची आहे. पण सगळ्या संदेशांना एकच किल्ली वापरणाऱ्या सेवेला ती कॅलेंडरपेक्षा आधी गाठू शकते. अशा ठिकाणी पालटाची मुदत दिवसांत नको, वापराच्या संख्येत लिहावी.

राहिली 'तिजोरी'. तिजोरीतून आपण वस्तू बाहेर काढतो, वापरतो, परत ठेवतो. एचएसएममध्ये किल्ली आतच जन्मते आणि 'बाहेर काढता येणार नाही' अशी खूण तिच्यावर जन्मतःच करता येते. पीकेसीएस ११ या मानकात त्या गुणधर्माचं नाव `CKA_EXTRACTABLE`, त्याची किंमत `false`. त्यानंतर किल्ली कामाकडे येत नाही, काम किल्लीकडे जातं: पुडकं आत पाठवायचं, ३२ बाइट परत घ्यायचे. ४० टीबी त्या पेटीतून गाळायला गेलात तर ती दमून जाईल, तिचा जन्म त्या कामासाठी नाही. किल्लीचा लिफाफा आणि एचएसएम यांची जोडी जमते ती यामुळेच. मराठीत याच्याशी जुळणारं चित्र जुन्या दफ्तरातल्या शिक्क्याचं आहे. कागद शिक्क्यापाशी जायचा, शिक्का कागदामागे हिंडायचा नाही. म्हणून 'शिक्काघर' असं सुचवावंसं वाटतं, पण धोरणात तो शब्द वाचून लोक टपाल खात्याचा विचार करतील. तिथे 'एचएसएम' तसंच ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य जोडा: 'ज्यातून किल्ली बाहेर येत नाही असं उपकरण.'