१७ दिवसांची सुट्टी: आधी सह्या, मग पाहुणे

प्रश्न: जानेवारीत १७ दिवसांसाठी म्युनिकहून साताऱ्याला येतोय. बायको आणि चार वर्षांची मुलगी बरोबर आहेत. दुसऱ्या शनिवारी पहाटे मुंबईत उतरतो. बाबा दीड वर्षापूर्वी गेले. शेतीवर वारसनोंद, फ्लॅट आईच्या एकटीच्या नावावर करणं आणि माझं बँक खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करणं ही तीन कामं आहेत. सासर सांगलीला, आत्या वाईला, बहीण ठाण्याला. मागच्या वेळी सुट्टीवरून परतलो तो आणखी दमून. हे सगळं बसवायचं कसं?

उत्तर:

आधी कॅलेंडर घ्या. १७ दिवसांत तीन शनिवार आणि तीन रविवार जातात. राज्य सरकारची कार्यालयं २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत, आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँकाही बंद. परतीचा सोमवार सोडला तर हातात कामाचे १० दिवस उरतात. ते पुरतात, पण एका अटीवर: ज्या कामाला तुम्ही समोर लागत नाही ते काम सुट्टीत आणायचंच नाही. तुमच्या तीन कामांतलं एक अगदी तसंच आहे.

ते म्हणजे वारसनोंद. अर्ज कुणीही एक वारस करू शकतो, म्हणजे आई किंवा बहीण. ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन भरता येतो, नाहीतर थेट तलाठ्याकडे द्यायचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच ऐकू येईल). मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि प्रत्येकाचं आधार, एवढं लागतं. त्यानंतर फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, धरला जातो, नमुना ९ ची नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस थांबावं लागतं. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तुम्ही सोमवारी उठून तलाठी कार्यालयात गेलात तरी तुमचं परतीचं विमान हरकतीची मुदत संपण्याच्या सुमारास असेल. म्हणून हा अर्ज नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत आईकडून जाऊ द्या. नोंद कुठे अडकली आहे ते 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून म्युनिकमध्ये बसूनही दिसतं.

अर्जात बहिणीचं नाव हवंच. 'ती कुठे शेती करणार आहे' असं कुणीतरी म्हणेल, ते ऐकू नका. एक वारस गाळला की पुढे हरकत आणि तक्रार होते, आणि एकदा नोंद वादग्रस्त झाली की ती तहसीलदारांपुढे जाते. तुम्ही परदेशात आहात म्हणून तुमचं नाव लागणार नाही अशीही एक समजूत असते. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली मात्र नावावर लागते.

अर्जाआधी आजचा सातबारा उघडून बाबांचं नाव त्यावर प्रत्यक्ष आहे ना ते पाहा. आजोबांच्या वेळच्या जमिनीवर बऱ्याचदा एकाच काकांचं नाव असतं आणि पुढे 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर काम सरळ वारसनोंदीचं राहत नाही. तो विषय या सुट्टीत काढूच नका. काकांकडे जेवायला जाल त्या दिवशी तर नाहीच.

दुसरं काम फ्लॅटचं, आणि इथे मात्र तुम्ही समोर लागता. तुम्ही आणि बहीण आपापला हिस्सा आईच्या हक्कात सोडणार, म्हणजे हक्कसोडपत्र. ते नोंदवलेलंच असावं लागतं. दुय्यम निबंधक कार्यालयात तुमचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतात, दोन साक्षीदार लागतात. घरच्या घरी नोटरी करून आणलेला कागद इथे उपयोगाचा नाही. साताऱ्यातल्या वकिलाकडून मसुदा डिसेंबरमध्येच ईमेलवर मागवा आणि त्यात 'विनामोबदला' हा शब्द आहे ना ते बघा, कारण जवळच्या नात्यात मोबदल्याशिवाय हिस्सा सोडला तरच मुद्रांक शुल्क नाममात्र राहतं. डेटा एन्ट्री करून टोकन आधी घेता येतं, ती जबाबदारीही वकिलाकडे द्या.

नोंदणी अडते ती बहुतेक वेळा नावावरून. फ्लॅटच्या मूळ करारात बाबांचं नाव एक, मृत्यूच्या दाखल्यावर आजोबांचं नाव गळलेलं, तुमच्या पासपोर्टवर आडनाव शेवटी आणि आधारवर आधी. म्युनिकमध्ये असतानाच सगळे कागद टेबलावर पसरून एकेक अक्षर जुळवा. फरक किरकोळ असेल तर 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र वकील बनवून ठेवतात. तेच टोकनाच्या दिवशी खिडकीवर कळलं तर तो दिवस गेला.

बहिणीला 'फक्त सही करायला ये' असा निरोप पाठवू नका. हक्कसोडपत्र नोंदवलं की मागे घेता येत नाही. मसुदा तिलाही पाठवा, तिला वाचायला आणि नाही म्हणायलाही वेळ द्या. आईलाही विचारा. फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर झाला की पुढच्या वाटणीसाठी तिच्या मृत्युपत्राचा प्रश्न येतोच, आणि तो तिने स्वतः काढलेला बरा. कायद्याने सह्या करणारे वेगवेगळ्या दिवशी हजर राहू शकतात, पण व्यवहारात तुम्ही तिघं एकदम गेलात तर फेरी वाचते.

टोकन मंगळवारचं घ्या आणि दुपारी बाराच्या पुढचं. हिवाळ्यात जर्मनी साडेचार तास मागे असते. पहिले तीन-चार दिवस तुम्हाला पहाटे साडेतीनच्या आधी झोप येणार नाही, आणि सकाळी दहाची वेळ म्हणजे शरीराच्या हिशेबाने साडेपाच. बुधवार-गुरुवार मोकळे ठेवा, सर्व्हर बंद पडला किंवा साक्षीदार आला नाही तर तेच दिवस कामी येतील. तरीही नाहीच झालं तर सुट्टी वाढवू नका. परत गेल्यावर म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात विशेष कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून घ्या आणि विश्वासातल्या एखाद्या नातेवाइकाच्या नावे पाठवा. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे मात्र पाठवताना त्याला सांगा.

तिसरं काम बँकेचं. सोमवार त्यासाठी. पासपोर्ट, जर्मनीचा रहिवास परवाना, तिथल्या पत्त्याचा पुरावा, पॅन आणि फोटो घेऊन आपल्या मूळ शाखेत जा. मूळ कागद समोर पाहून प्रतींवर शिक्का मारला की अर्ध्याहून जास्त काम झालं. कुरिअरने हेच करायचं तर साक्षांकनाचे वेगळे सोपस्कार असतात, म्हणून सुट्टीतला एक दिवस इथे खर्च करणं मला पटतं. खातं बदलताना जुनं कार्ड आणि नेटबँकिंग काही दिवस बंद होऊ शकतं, तेव्हा फॉर्मवर सही करण्याआधी प्रवासाला आणि आहेराला लागतील तेवढे पैसे काढून घ्या. आईचं नाव खात्यावर ठेवायचं असेल तर निवासी नातेवाईक एनआरओ खात्यात 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' या पद्धतीने, म्हणजे व्यवहार पहिल्या धारकाने करायचे आणि त्याच्या पश्चात दुसऱ्याने, सहधारक राहू शकतात, ते त्याच फॉर्मवर लिहून घ्या. व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर असा कर आधीच कापला जातो, तेव्हा मोठी मुदत ठेव आईची असेल तर ती तुमचं नाव पहिलं असलेल्या खात्यात आणू नका.

एक छोटी गोष्ट या सगळ्याच्या आधी येते: तुमचा भारतातला मोबाइल नंबर. रिचार्ज नसेल आणि ९० दिवस वापर नसेल तर तो बंद होऊ शकतो, आणि आधार-पॅनचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर जातात. आजच तपासा. बंद झाला असेल तर शनिवारी-रविवारी नवं सिम घ्या आणि सोमवारी बँकेच्या आधी आधार केंद्र. नंबर जोडला जायला काही दिवस लागतात म्हणून ते शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

आता माणसं. पहिल्या आठवड्यात बायको आणि मुलीला सांगलीला जाऊ द्या. मुलीला आजी-आजोबा निवांत मिळतात, बायकोला माहेरी घाईत दोन रात्री काढायची वेळ येत नाही, आणि तुमच्या मागे खिडक्यांसमोर ताटकळणारं लेकरू नसतं. शुक्रवारी तुम्ही सांगलीला जा, सासुरवाडीची भेट तिथेच पूर्ण होते, शनिवारी तिघं साताऱ्याला परत.

संक्रांत त्याच पहिल्या आठवड्यात येते, ही तुमची सोय आहे. त्यानंतरच्या रविवारी आईकडे सगळ्यांना तिळगुळाला बोलवा. वेळ संध्याकाळी चार ते आठ, खायला पावभाजी किंवा मिसळ, बाहेरून मागवलेली. आईने स्वयंपाकघरात उभं राहायचं नाही हे तिला आधी पटवावं लागेल, ते काम हक्कसोडपत्राहून अवघड आहे. जे आले त्यांच्या घरी वेगळं जायचं नाही. 'अहो, आमच्याकडे नुसता चहा' म्हणणाऱ्यांना आईनेच उत्तर द्यायचं, तुम्ही दिलंत तर ते लागतं.

अपवाद दोनच. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही ते, आणि बाबांच्या वेळी जे रात्रभर दवाखान्यात थांबले ते. वाईच्या आत्या पहिल्यांत बसत असतील तर दुसऱ्या आठवड्यात एक अख्खी दुपार त्यांना द्या. वाई साताऱ्याहून तासाभरावर आहे, पण जाताना 'वाटेत पाचगणीही करू' असं कुणीतरी म्हणेल. त्या दिवशी नको.

दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवार ते गुरुवारी काहीही ठरवू नका, आणि हे नातेवाइकांना सांगू नका. मोकळा दिवस आहे हे कळलं की तो मोकळा राहत नाही. कुणी विचारलं तर 'बँकेचं काम आहे' हे उत्तर सगळ्यांना पटतं. शुक्रवारी कार्यालयं सुरू असताना नोंदवलेलं हक्कसोडपत्र आणि सूची क्रमांक २, म्हणजे नोंदणीचा उतारा, याची प्रत हातात घ्या, सोसायटीला द्यायचा अर्ज आईच्या सहीने भरून ठेवा आणि सगळ्याचे स्कॅन बहिणीलाही पाठवा. शनिवारी बॅगा भरून टाका. बहिणीकडे रविवारीच ठाण्याला मुक्कामाला जा, म्हणजे सोमवारी विमानतळासाठी साताऱ्याहून पहाटे निघायची आणि घाटात अडकायची धास्ती राहत नाही. आईलाही बरोबर घ्या, ती चार दिवस लेकीकडे राहील.