गाडी बघायला जाण्याआधी टेप घ्या

बाबांना व्हीलचेअरसकट नेता येईल अशी गाडी घ्यायची, तर शोरूमला जाण्याआधी त्यांना व्हीलचेअरवर नेहमीसारखं बसवा आणि जमिनीपासून डोक्यापर्यंतचं अंतर मोजा. समजा ते १३४ सेंमी भरलं. मग मागच्या दाराची उघडी उंची किमान १४० हवी. बहुतेक जण आतलं छत मोजतात आणि दाराच्या चौकटीत डोकं अडतं.

मग गाडीच्या फ्लोअरची उंची बघा. ढकलणारा माणूस असेल तर रॅम्पची लांबी उंचीच्या निदान चौपट धरा. फ्लोअर ३५ सेंमीवर असेल तर १४० सेंमीचा रॅम्प पुरतो. ६० सेंमीवर २४० लागतो, तो ना गाडीत मावतो ना पार्किंगमध्ये. अशा वेळी मागची लिफ्ट बरी. मात्र बॅटरी उतरली तर हाताने चालणारा पंप आहे ना, हे स्वतः चालवून बघा.

बाबा आधाराने दोन पावलं उभे राहू शकत असतील, तर दाराबाहेर वळणारी फिरती सीट सगळ्यांत सोपी. फक्त दुमडलेली खुर्ची डिकीत ठेवून बघाच. सीएनजीची टाकी असेल तर बहुधा मावत नाही.

रॅम्प किंवा लिफ्ट बसवण्याआधी आरटीओची परवानगी घ्या आणि विमा कंपनीला कळवा. व्हीलचेअर बांधायच्या बेल्टचं नंतर सविस्तर बोलू, आधी मापं पाठवा.