नावे बदललेला प्रॉडक्शनचा बॅकअप की नव्याने तयार केलेला टेस्ट डेटा?

प्रश्न: आम्ही मुंबईत एका बँकेच्या बचत खात्यांच्या प्रणालीवर काम करतो. स्टेजिंगसाठी प्रॉडक्शनचा बॅकअप घेऊन त्यातील नावे आणि मोबाइल क्रमांक बदलले तर पुरेसे आहे का? नसेल, तर दोन-तीन वर्षे जुनी खाती टेस्टिंगसाठी आणायची कुठून?

उत्तर: पुरेसे नाही. नाव आणि मोबाइल बदलले तरी जन्मतारीख, शाखा, पिनकोड आणि दरमहा ठरावीक तारखेला जमा होणारा पगार तसाच राहतो, आणि शाखेतील लोकांना किंवा शेजाऱ्यांना माणूस ओळखायला तेवढे बहुधा पुरते. शिवाय व्यवहारांच्या तपशिलाच्या रकान्यात पाठवणाऱ्याचे नाव आणि यूपीआय आयडी जसेच्या तसे असतात. मास्किंगच्या यादीतून नेमका हाच रकाना सुटतो, कारण तो मोकळ्या मजकुराचा असतो.

माझा आग्रह असा की खाती टेबलमध्ये थेट भरू नयेत, तर ती घडवावीत. स्टेजिंगची व्यवसाय-तारीख मागे न्यावी, प्रणालीच्याच एपीआयमधून ग्राहक आणि खाते उघडावे, व्यवहार करावेत आणि दिवसाअखेरीची प्रक्रिया, म्हणजे आपण ज्याला ईओडी म्हणतो ती, एकेक दिवस पुढे चालवावी. खाती काही शेच असतील, तर दोन वर्षांचे सुमारे 730 ईओडी स्क्रिप्टने पार्श्वभूमीवर चालवता येतात. त्यानंतर त्या डेटाबेसचा बॅकअप घेऊन ठेवावा आणि प्रत्येक चाचणीफेरीपूर्वी तोच परत चढवावा.

याचा उपयोग निष्क्रिय खात्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ग्राहकाने स्वतः केलेला व्यवहार दोन वर्षांहून अधिक काळ नसेल, तर बचत खाते निष्क्रिय ठरते. बँकेने जमा केलेले व्याज किंवा कापलेले शुल्क त्यात धरले जात नाही. समजा, 1 एप्रिल 2022 रोजी खाते उघडले, 10 मे 2022 रोजी ग्राहकाने रोख भरणा केला आणि त्यानंतर दर तिमाहीला केवळ व्याज जमा होत गेले. 10 मे 2024 च्या ईओडीनंतर हे खाते सक्रियच दिसले पाहिजे आणि 11 मे 2024 च्या ईओडीनंतर निष्क्रिय. बॅचने ‘शेवटचा व्यवहार’ म्हणून कोणतीही नोंद धरली असेल, तर तिला 31 मार्च 2024 चे व्याज सापडेल आणि खाते कधीच निष्क्रिय होणार नाही. याच खात्याचे जुळे भावंड तयार करून त्यात 2023 मध्ये ग्राहकाचे मोबाइल ॲपवरील एक यशस्वी लॉगिन घालावे. तेही ग्राहकाची कृती म्हणून गणले जाते, त्यामुळे ते खाते सक्रिय राहिले पाहिजे. प्रॉडक्शनच्या बॅकअपमध्ये अशी जोडी शोधावी लागते, आणि सापडली तरी तिच्यावरचा शिक्का याच सदोष बॅचने मारलेला असू शकतो.

डेटा सुसंगत आहे की नाही, हे दर बांधणीनंतर तपासावे. जमा धन आणि नावे ऋण धरून पुढील क्वेरीने एकही ओळ देता कामा नये:

```sql
SELECT a.acct_no
FROM account a
LEFT JOIN txn t ON t.acct_no = a.acct_no
GROUP BY a.acct_no, a.balance
HAVING a.balance <> COALESCE(SUM(t.amount), 0);
```

ओळ आलीच, तर कोणीतरी घाईने शिल्लक थेट टेबलमध्ये लिहिलेली असते.

ओळख क्रमांकांबाबत विशेष काळजी घ्यावी, कारण यादृच्छिकपणे बनवलेला क्रमांक कोणा खऱ्या माणसाचा निघू शकतो. आधार क्रमांक 0 किंवा 1 ने सुरू होत नाही. म्हणून त्या अंकाने सुरुवात करून शेवटचा तपासणी अंक व्हरहॉफ पद्धतीने काढावा. पॅनचे चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते आणि X असा प्रकार नाही. असे क्रमांक स्वीकारण्याची मुभा केवळ स्टेजिंगच्या कॉन्फिगरेशनमध्ये ठेवावी. ईमेलसाठी `example.com` राखीवच आहे. मोबाइल क्रमांकावर मात्र माझा विश्वास नाही: क्रमांक कोणताही असो, स्टेजिंगमधून एसएमएस गेटवेकडे जाणारा मार्ग नेटवर्कच्या पातळीवरच बंद करावा आणि ओटीपी बनावट गेटवेच्या लॉगमधून वाचावा. एका ठिकाणी अनोळखी माणसाला ‘आपले खाते गोठवले आहे’ असा संदेश स्टेजिंगमधून गेलेला मी पाहिला आहे, आणि त्या माणसाची झालेली घालमेल साधी नव्हती.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. जुन्या प्रणालीतून आलेला गाळ तीत आपोआप येत नाही. परळच्या चाळीतला पत्ता, म्हणजे खोली, मजला, चाळीचे नाव, कशाच्या समोर आणि मार्ग, तीन रकान्यांत मावत नाही आणि पिनकोड भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. त्यासाठी प्रॉडक्शनच्या डीबीएकडून ओळी न मागता फक्त मोजमापे मागावीत: रकान्याची कमाल लांबी, किती टक्के पिनकोड रिकामे, एका ग्राहकाची जास्तीत जास्त किती खाती. ज्या गटात मोजकेच ग्राहक असतील, तो गट अहवालातून वगळायला सांगावे. मग त्या मापांप्रमाणे वाकडेतिकडे पत्ते आपण स्वतः रचावेत, आणि ते मात्र आयातीच्या प्रोग्रॅममधूनच आत सोडावेत, कारण एपीआय त्यांना दारातच अडवेल.