कार्यक्रम संपल्यावर नोंदणीची यादी पुसायची कशी?

प्रश्न: कार्यशाळा झाली. गूगल फॉर्मवर १८० जणांचे फोन नंबर आणि ईमेल आले आहेत. पुढच्या वेळी कळवायला उपयोगी पडतील म्हणून शीट तशीच ठेवू का?

उत्तर: सगळी नको. लोकांनी नंबर या कार्यशाळेसाठी दिला होता. पुढचंही कळवा असं सगळ्यांनी म्हटलेलं नाही. फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळा चौकोन ठेवला असेल आणि समजा ४० जणांनी त्यावर खूण केली असेल, तर ते ४० ठेवा. चौकोनच नव्हता, तर कोणीच नाही. प्रमाणपत्रं आणि पैशांचे परतावे उरकायला साधारण महिना पुरतो. तारीख आजच ठरवा आणि ती पाळणारा एक माणूसही नेमा.

उरलेले १४० पुसताना बहुतेक जण शीटमधल्या ओळी डिलीट करतात आणि काम झालं असं समजतात. पण ओळी गेल्या तरी `Version history` मध्ये जुनी शीट जशीच्या तशी असते आणि संपादनाचा अधिकार असलेला कोणीही ती उघडू शकतो. रकाना लपवून तर काहीच साधत नाही, कारण शीटची प्रत करून घेणाऱ्याला तो पुन्हा उघडता येतो. म्हणून उलट्या बाजूने जा. नवी कोरी शीट घ्या, त्यात फक्त त्या ४० जणांचं नाव, ईमेल आणि संमतीची तारीख चिकटवा. फोन करणारच नसाल, तर नंबर कशाला हवा? मग जुनी शीट पूर्ण काढून टाका आणि ट्रॅशही रिकामा करा, नाहीतर ती तिथे ३० दिवस पडून राहते. हे शीटच्या मालकानेच करायचं. संपादकाने काढली, तर ती फक्त त्याच्या ड्राइव्हमधून दिसेनाशी होते.

एवढं करूनही फॉर्म उरतोच. उत्तरं शीटमध्ये जातात तशी फॉर्ममध्येही स्वतंत्रपणे साठतात, त्यामुळे `Responses` मध्ये जाऊन `Delete all responses` करावं लागतं. नवी शीट नीट तपासल्याशिवाय मात्र हे करू नका.

खरी डोकेदुखी प्रतींची. प्रवेशद्वारावर हजेरी घेणाऱ्याने यादी डाउनलोड केलेली असते, कोणीतरी ती व्हॉट्सॲपवर टाकलेली असते, एखादी छापील प्रत पिशवीत राहिलेली असते. प्रत्येक स्वयंसेवकाला थेट विचारा, ‘फाइल कुठे कुठे आहे?’ ‘डिलीट केलीस ना?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. ड्राइव्हमध्ये कोणी स्वतःची प्रत केली असेल, तर तिचा मालक तोच असतो आणि तुम्हाला ती दिसतसुद्धा नाही. पुढच्या वेळी हजेरीसाठी नुसती नावं आणि नोंदणी क्रमांक द्या, मग अशा प्रती झाल्या तरी फारसं बिघडत नाही.

नंबरांचे हॅश, म्हणजे ठरावीक गणिताने नंबरापासून बनवलेले सांकेतिक रूप, करून ठेवायचं कोणी सुचवलं, तर ऐकू नका. दहा अंकी नंबरांचे सगळे पर्याय संगणक सहज तपासून पाहतो, आणि हॅशवरून मूळ नंबर सापडतो.

त्या ४० जणांना मेल पाठवताना पत्ते बीसीसीमध्ये घाला. कोणी ‘नको’ म्हणालं, तर त्याचा फक्त ईमेल ‘संपर्क नको’ अशा वेगळ्या यादीत ठेवा. तो पूर्ण पुसला, तर एखाद्या जुन्या प्रतीतून परत येतो आणि त्या माणसाला पुन्हा मेल जातो.