फोटो अडकलाय? त्याच फोटोवर Retry दाबा, नवा पाठवू नका

व्हॉट्सॲपवर फोटोवरचं गोल चक्र फिरतच राहिलं, तर आधी खालच्या कोपऱ्यात बघा. तिथे घड्याळ असेल तर संदेश अजून तुमच्याच फोनमध्ये आहे. एक बरोबरची खूण आली की तो सर्व्हरवर पोचला.

चक्रातल्या फुलीवर टिचकी मारली की अपलोड थांबतं आणि फोटोवर Retry दिसतं. ते दाबल्याने दुसरा फोटो तयार होत नाही, कारण प्रत्येक संदेशाला फोनमध्येच एक ओळख क्रमांक मिळतो आणि पुन्हा पाठवताना तोच वापरला जातो.

दोनदा फोटो जातो तो वेगळ्याच कारणाने. समजा, लग्नाचे 5 फोटो निवडले आणि तिसरा अडकला. घाईने गॅलरीतून तोच पुन्हा निवडलात, तर तो नवा संदेश ठरतो. रेंज आली की रांगेतला जुनाही निघतो आणि समोरच्याला 6 फोटो दिसतात. म्हणून नव्याने पाठवायचाच असेल, तर आधी घड्याळवाला फोटो दाबून धरा आणि डिलीट करा. तरीही दोन गेलेच, तर त्यातल्या एकाला Delete for everyone करा. नुसतं Delete for me केलंत तर समोरच्याकडे दोन्ही राहतील.